पलीकडच्या खुर्चीत अनुभव बसतो तेव्हा

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड. या औद्योगिक पट्ट्यांतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत आज एक दृश्य नेहमीचं झालं आहे. मुलाखत घेणारा व्यवस्थापक बत्तीस-पस्तिशीतला असतो आणि समोर बसलेला उमेदवार पन्नाशी ओलांडलेला. जुने कारखाने बंद होतात, दुसरीकडे हलतात, मालक बदलतात आणि पंचवीस-तीस वर्षं मशीनजवळ घालवलेली माणसं पुन्हा नोकरीच्या शोधात निघतात. त्यांना पारखायचं काम ज्यांच्याकडे येतं, त्यातले पुष्कळजण हे लोक पहिल्या नोकरीला लागले तेव्हा प्राथमिक शाळेत होते. वय, मान आणि ‘साहेब’ म्हणायची सवय या तिन्ही गोष्टी मुलाखतीच्या खोलीत आपोआप येऊन बसतात.

अशी मुलाखत न बिचकता कशी घ्यायची, हे एका प्रसंगातून नीट समजतं. प्रसंग नमुन्यादाखल रचलेला आहे, पण त्यातलं यंत्रांचं आणि मुलाखतीचं तंत्र खरं आहे. समजा, चाकणजवळ गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. बारा इंजेक्शन मोल्डिंग मशीन्स, तीन पाळ्या. जागा मेंटेनन्स हेडची. मुलाखत घेणार आहे तिथली बत्तीस वर्षांची ऑपरेशन्स मॅनेजर. तिचा पाया क्वालिटी विभागातला, एकूण अनुभव नऊ वर्षं. उमेदवार त्रेपन्न वर्षांचे, अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्समध्ये. हायड्रॉलिक्समधलं त्यांना जेवढं कळतं तेवढं तिला कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

दडपणाची तीन रूपं

अशा वेळी दडपण येतं ते घाम फुटण्याच्या किंवा आवाज कापण्याच्या रूपात क्वचितच दिसतं. ते वागण्यातून बाहेर पडतं आणि त्याची तीन रूपं पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिलं रूप म्हणजे लगाम सोडून देणं. ‘तुमच्याबद्दल सांगा’ एवढं म्हणून मुलाखत घेणारा मागे टेकतो. उमेदवार पहिल्या नोकरीपासून सुरुवात करतो, एकेका कारखान्याची गोष्ट सांगतो, आणि तासाभरातली चाळीस मिनिटं ऐकण्यात जातात. गोष्टी रंगतदार असतात. पण मुलाखत संपल्यावर टिपणवहीत ‘उत्तम व्यक्तिमत्त्व, दांडगा अनुभव’ यापलीकडे काही उरत नाही.

दुसरं रूप याच्या नेमकं उलटं असतं. आपण लहान आहोत हे जाणवू नये म्हणून मुलाखत घेणारा पुस्तकी कोडी घालू लागतो. एखादं समीकरण विचारतो, एखाद्या संक्षेपाचं पूर्ण रूप विचारतो. पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेली व्याख्या उमेदवाराला आठवली नाही की मनातल्या मनात एक गुण कापतो. मशीन बंद पडल्यावर हा माणूस काय करेल, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

तिसरं रूप सर्वांत महाग पडतं. ‘एवढ्या मोठ्या माणसाला हे काय विचारायचं?’ असं वाटून साधे प्रश्न गाळले जातात. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक तुम्ही स्वतः कधी बनवलंत? रात्री दोनला फोन आला तर काय करता? टेक्निशियन ऐकत नसेल तर? हे प्रश्न चार वर्षं अनुभवाच्या मुलाला सहज विचारले जातात आणि अठ्ठावीस वर्षं अनुभवाच्या माणसाच्या बाबतीत उत्तर गृहीत धरलं जातं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांनी ‘हे आधी विचारायला हवं होतं’ अशी चुटपुट लागते, ती बहुधा याच प्रश्नांबद्दल.

वर्षांचा आकडा काय सांगतो

या दडपणाच्या मुळाशी एक समजूत आहे. वर्षं जास्त म्हणजे काम चांगलंच असणार, असं आपण धरून चालतो. संशोधन या समजुतीला फारसा आधार देत नाही. चाड व्हॅन इडेकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 81 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नोकरीला लागण्यापूर्वीचा अनुभव आणि नव्या जागेवरची कामगिरी यांचा संबंध किती, हे त्यांनी तपासलं. तो शून्याच्या अगदी जवळ निघाला. संबंध पूर्ण असता तर आकडा 1 आला असता. इथे तो सुमारे 0.06 होता.

याचा अर्थ अनुभव निरुपयोगी असतो असा नाही. बायोडेटावर लिहिलेला वर्षांचा आकडा अनुभवाचं माप म्हणून फार कच्चा आहे, एवढाच त्याचा अर्थ. अठ्ठावीस वर्षांत माणूस कुठे होता हे तो सांगतो. तिथे त्याच्या हातून काय घडलं, कुठले बिघाड त्याने स्वतः सोडवले आणि कुठले त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणी सोडवले, हे त्या आकड्यात नसतं. ते विचारूनच काढावं लागतं. म्हणजे अनुभव जितका मोठा, तितकी प्रश्न विचारायची गरज जास्त.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवून दिलेली एक गोष्ट इथे लागू पडते. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले आकडे त्याने तपासले. ते एकमेकांशी इतके जुळत होते की अधिकाऱ्यांनी प्रत्येक गुण स्वतंत्रपणे पाहिला असेल, हे शक्यच नव्हतं. एकूण मत चांगलं झालं की सगळेच आकडे वर जात होते. मानसशास्त्रात याला ‘हॅलो इफेक्ट’ म्हणतात. मोठ्या कंपनीचं नाव, पिकलेले केस आणि शांत, ठाम बोलणं यांचं वलय मुलाखतीच्या खोलीत असंच पसरतं, आणि ज्याची चाचणीच झाली नाही अशा गुणालाही पाचपैकी चार मिळून जातात.

मुलाखतीआधीचे दोन दिवस

चाकणच्या त्या मॅनेजरला दोन दिवसांत हायड्रॉलिक्स शिकता येणार नाही आणि तिने तो प्रयत्नही करू नये. तिच्याकडे वेगळी माहिती आहे, जी उमेदवाराकडे नाही. ही जागा का भरायची आहे, इथे काय अडतं, नव्या माणसाकडून पहिल्या सहा महिन्यांत काय हवं आहे, हे तिला ठाऊक आहे किंवा ती शोधून काढू शकते. उमेदवार त्याच्या विषयातला जाणकार, ती या जागेची जाणकार. मुलाखत या दुसऱ्या जाणकारीवर उभी करायची.

त्यासाठी एक जुनी, कसाला लागलेली पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम केलेल्या जॉन फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञाने ती 1954 मध्ये सविस्तर मांडली. ‘चांगला माणूस कसा हवा?’ असं विचारलं तर लोक ‘मेहनती, प्रामाणिक, अनुभवी’ अशी विशेषणं सांगतात. त्याऐवजी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग विचारायचे, ज्यांत एखाद्याच्या वागण्यामुळे काम साधलं किंवा बिघडलं.

मॅनेजर प्रॉडक्शनच्या सुपरवायझरकडे, टूलरूममध्ये आणि स्टोअर्समध्ये जाऊन एकच प्रश्न विचारते: ‘गेल्या वर्षात मेंटेनन्समुळे आपण सर्वांत जास्त कधी अडकलो?’ तासाभरात तीन प्रसंग हाती येतात. मे महिन्यात दोन मशीन्स हायड्रॉलिक ऑइल तापल्यामुळे सारखी बंद पडत होती. ऑइल सील बदलले, महिन्याभरात पुन्हा गळायला लागले. दुसरा प्रसंग स्टोअर्सचा. एक हीटर बँड कॉम्प्युटरवर शिल्लक दिसत होता आणि रॅकवर नव्हता, त्यामुळे अख्खी पाळी वाया गेली. तिसरा गंभीर होता. मोल्ड अडकला म्हणून एका टेक्निशियनने सेफ्टी गेटचा स्विच बायपास करून आत हात घातला. इजा झाली नाही, पण होऊ शकली असती.

या तीन प्रसंगांतून तीन प्रश्न तयार होतात, आणि तिन्ही उमेदवाराच्या गतकाळाकडे बोट दाखवतात. ‘वारंवार येणारा बिघाड तुम्ही मुळापासून संपवलात, असा एक प्रसंग सांगा.’ ‘स्पेअर नसल्यामुळे उत्पादन थांबलं आणि त्यानंतर तुम्ही व्यवस्था बदललीत, असा प्रसंग?’ ‘उत्पादनाची घाई आणि सुरक्षितता यांत ओढाताण झाली, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ ‘असं झालं तर काय कराल?’ या धाटणीचे प्रश्न नवख्या उमेदवाराला ठीक असतात. अनुभवी माणसाला त्याचं आदर्श उत्तर तोंडपाठ असतं. घडलेल्या प्रसंगाचे तपशील बनवून सांगणं त्या मानाने पुष्कळ अवघड जातं.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. कुठल्या उत्तराला किती गुण, हे मुलाखतीच्या आधी लिहून ठेवायचं. पहिल्या प्रश्नासाठी ती असं लिहिते. पाच गुण: मोजमाप घेऊन कारण शोधलं, दुसऱ्या शक्यता तपासून बाजूला केल्या, पुन्हा होऊ नये म्हणून वेळापत्रकात बदल केला. तीन गुण: बिघाड दुरुस्त झाला, कारणही सापडलं, पण पुढची व्यवस्था केली नाही. एक गुण: भाग बदलत राहिले, दोष ऑपरेटरवर किंवा पुरवठादारावर ढकलला. हा कागद तयार झाला की समोरच्या माणसाशी स्वतःची तुलना करायची वेळच येत नाही. उत्तराची तुलना कागदाशी होते.

याचं एक नामांकित उदाहरण इस्रायलमधलं आहे. 1950 च्या दशकाच्या मध्यात एकवीस वर्षांच्या एका लेफ्टनंटवर सैन्यभरतीच्या मुलाखतींची पद्धत नव्याने बसवायची जबाबदारी आली. त्याचं नाव डॅनिएल कानेमन. मुलाखत घेणारे सैनिकही वयाने जेमतेम त्याच्याएवढेच होते. त्यांनी प्रत्येक उमेदवाराविषयी एकूण मत बनवायचं, अशी तोवरची रीत होती आणि त्या मतावरून पुढची कामगिरी जवळजवळ ओळखता येत नव्हती. कानेमनने सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी गतकाळाबद्दलचे वस्तुनिष्ठ प्रश्न दिले आणि एका गुणाचा आकडा मांडल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही, असा नियम घातला. मुलाखत घेणाऱ्यांना ते आवडलं नाही, आपण यंत्र होतोय असं त्यांना वाटलं. म्हणून सगळे आकडे मांडून झाल्यावर, शेवटी, स्वतःचा अंदाज म्हणून एक आकडा द्यायची मुभा त्याने ठेवली. नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस ठरली. गंमत म्हणजे तो शेवटचा अंदाजही आता उपयोगी निघाला, कारण तो सहा गोष्टी नीट पाहून झाल्यावर बांधलेला होता. कानेमन पुढे 2002 चे अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले.

प्रत्यक्ष तास

मुलाखतीची पहिली पाच मिनिटं पुढच्या तासाचा सूर ठरवतात. इथे दोन टोकं टाळायची असतात. ‘सर, तुमची मुलाखत मी काय घेणार!’ हा विनय उमेदवारालाही अवघडून टाकतो. आणि मुद्दाम ताठ, कोरडं बोलणं मराठी कानाला उद्धट वाटतं. वयाचा मान बोलण्याच्या रीतीत राहू द्यावा, प्रश्नांची धार मात्र त्यामुळे कमी होऊ देऊ नये.

मॅनेजर उठून स्वागत करते, चहा-पाणी विचारते आणि म्हणते, “साहेब, मेंटेनन्समधला तुमचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. मी प्रॉडक्शन आणि क्वालिटी बघते. आज मला समजून घ्यायचंय की आमच्या अडचणींसारख्या अडचणी तुम्ही कशा सोडवल्यात. मी चार-पाच प्रसंग विचारेन. तपशिलात जायला मध्येच थांबवलं तर राग मानू नका. शेवटची दहा मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी ठेवली आहेत.”

एवढ्या बोलण्यात तीन कामं झाली. अनुभवातलं अंतर एकदाच, न ओशाळता मान्य झालं, त्यामुळे ते लपवायचा ताण गेला. तासाचा आराखडा कळला. आणि मध्ये थांबवायची परवानगी आधीच मिळाली.

पहिल्या प्रश्नाला उमेदवार उत्तर देतात, “आमच्याकडेही उन्हाळ्यात ऑइल टेंपरेचरचा त्रास होता. आम्ही त्यावर बरंच काम केलं, सगळी सिस्टिम सुधारली, नंतर प्रॉब्लेम आला नाही.”

उत्तर ऐकायला उत्तम आहे. पण त्यात पकडण्यासारखं काहीही नाही. बिचकलेला माणूस इथे मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तयारीने बसलेली मॅनेजर इथेच थांबते.

“किती मशीन्सना त्रास होता?”

“तीन. त्यातली एक तर दर दोन-तीन तासांनी ट्रिप व्हायची.”

“आणि कारण काय निघालं?”

“ऑइल कूलर चोक झाला होता.”

“कूलरच आहे, पंप नाही, हे कसं ठरवलंत?”

हा प्रश्न विचारायला हायड्रॉलिक्सचं ज्ञान लागत नाही. ‘हेच कारण आहे, दुसरं नाही, हे कशावरून?’ हा प्रश्न कुठल्याही क्षेत्रातल्या तज्ज्ञाला विचारता येतो. आणि खरं काम केलेला माणूस या प्रश्नाने खुलतो.

उमेदवार खुर्चीत जरा पुढे सरकतात. “दोन्हीवर संशय होता. पंप आतून झिजला की आतल्या आत तेल गळतं आणि तेल तापतं. म्हणून आधी पंपाची केस ड्रेन लाइन सोडून एका मिनिटात किती तेल येतं ते भांड्यात मोजलं. कंपनीने दिलेल्या मर्यादेत होतं. मग कूलरच्या आधी आणि नंतर तेलाचं तापमान घेतलं. फरक फार थोडा पडत होता. पाण्याच्या बाजूलाही तसंच, गरम तेलातून जाऊनही पाणी जेमतेम तापत होतं. म्हणजे उष्णता पाण्यात जातच नव्हती. कूलर उघडला तर ट्यूबमध्ये क्षाराचा थर.”

“क्षार का साचला?”

“कूलिंग टॉवरच्या पाण्याला केमिकल घालायचं काम कंत्राटदाराकडे होतं. कंत्राट संपलं होतं, नवं झालं नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“तुम्ही स्वतः त्यातलं काय केलंत?”

“मोजमाप मी आणि एका टेक्निशियनने घेतलं. डिस्केलिंग बाहेरून करून घेतलं. नंतर पाण्याची कठीणता दर आठवड्याला तपासायचं काम मी आमच्या चेकलिस्टमध्ये घातलं.”

आता टिपणवहीत ठोस गोष्टी आल्या. दोन शक्यता होत्या, एक मोजून बाजूला केली, दुसरी मोजून पक्की केली, मूळ कारण यंत्राबाहेर सापडलं, पुढची व्यवस्था लावली. कागदावरच्या पाच गुणांच्या वर्णनाशी उत्तर जुळतं. याच प्रश्नावर दुसऱ्या एखाद्या उमेदवाराने “अनुभवावरून कळतं हो” म्हणून विषय संपवला असता, तर तेही लिहून ठेवायचं. अनुभवावरून कळतं हे खरंही असतं, पण खरं कळलेला माणूस खोदून विचारल्यावर त्या कळण्यामागची खूण सांगू शकतो.

या छोट्या संवादात दोन गोष्टी हेरण्यासारख्या आहेत. पहिल्या उत्तरात सगळीकडे ‘आम्ही’ होतं. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं बढाईचं समजलं जातं, त्यामुळे वडीलधारी माणसं सवयीने ‘आम्ही’ म्हणतात. त्यावरून शंका घेऊ नये, पण उलगडा मात्र करून घ्यावा. ‘तुम्ही स्वतः त्यातलं काय केलंत?’ हा प्रश्न सौम्यपणे विचारला की प्रामाणिक माणूस स्वतःचा वाटा आणि दुसऱ्याचा वाटा वेगळा करून सांगतो.

दुसरी गोष्ट न समजलेल्या शब्दांची. ‘केस ड्रेन’ म्हणजे काय हे मॅनेजरला माहीत नसेल तर तिने तिथेच विचारावं: “हे मला प्रॉडक्शनच्या माणसाला समजेल असं सांगा.” यात कमीपणा काहीच नाही. मेंटेनन्स हेडला प्रॉडक्शनच्या माणसांना रोज हेच समजावून सांगायचं असतं. तो ते किती सोपं करतो, वैतागतो की रस घेतो, हे त्या एका विनंतीतून समोर दिसतं.

उत्तर लांबतच गेलं तर? सुरुवातीला परवानगी घेतलेली असते, तिचा उपयोग इथे होतो. “साहेब, एक मिनिट. त्या दिवशी तुम्ही प्रॉडक्शन हेडला काय सांगितलंत, तेवढंच मला आत्ता हवंय.” गोष्ट तोडायची, पण तोडताना नेमकी जागा दाखवायची, म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान होत नाही.

“मॅडम, तुमचा अनुभव किती?”

हा प्रश्न कधीतरी येतो. त्याचं उत्तर सरळ द्यावं: “नऊ वर्षं. त्यातली सहा क्वालिटीमध्ये.” पुढे समर्थन जोडू नये, आणि लगेच आपल्या प्रश्नावर परत यावं. बहुतेक वेळा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा असतो. आपण कुणाच्या हाताखाली काम करणार, हे जाणून घ्यायचा उमेदवाराला हक्कच आहे.

वेगळी खूण असते ती अशी. प्रश्न मॅनेजर विचारते आणि उमेदवार उत्तर देताना सतत शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या एचआर अधिकाऱ्याकडे पाहून बोलतो. अशा वेळी एचआर अधिकाऱ्याने टिपणवहीकडे पाहावं आणि पुढचा उपप्रश्न मॅनेजरनेच विचारावा. दोन-तीन प्रश्नांत नजर तिच्याकडे वळली तर ती जुनी सवय होती. वळलीच नाही तर तशी नोंद करावी, मत म्हणून नव्हे, घडलेली गोष्ट म्हणून. रोज याच व्यक्तीला रिपोर्ट करायचं असेल, तर ती नोंद कामाची आहे.

‘तुमच्यापेक्षा लहान व्यक्तीच्या हाताखाली काम करायला चालेल का?’ हा प्रश्न मात्र वाया जातो. त्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नसेल. इथेही प्रसंगच मागावा: “तुमच्या वरिष्ठांनी तुमचा तांत्रिक निर्णय बदलला आणि तुम्हाला तो पटला नव्हता, असा एखादा प्रसंग?” उत्तरात माणूस आपलं म्हणणं आकडे देऊन मांडतो का, ते मान्य झालं नाही तर ठरल्याप्रमाणे काम करतो का, आणि जुन्या वरिष्ठाबद्दल आज कसं बोलतो, हे तिन्ही कळतं. ‘अजून किती वर्षं काम करणार?’, ‘तब्येत झेपेल का?’ असे वयाला हात घालणारे प्रश्न विचारू नयेत. कामाची अट असेल तर ती अट म्हणून सगळ्यांना सारखीच सांगावी: महिन्यातून काही वेळा रात्री यावं लागतं, मशीनवर चढावं लागतं, हाताखाली सहाच माणसं आहेत, पगाराची मर्यादा इतकी आहे. ज्याने पूर्वी चाळीस माणसांचा विभाग सांभाळला, त्याला हे आधी कळणं दोघांच्याही हिताचं असतं.

जिथे मुलाखत अपुरी पडते

प्रश्न कितीही नेमके असले तरी एक मर्यादा उरते. उमेदवाराने सांगितलेलं हायड्रॉलिक्स बरोबर आहे की ऐकायला बरोबर वाटतं, हे क्वालिटीतून आलेली मॅनेजर पूर्णपणे ठरवू शकत नाही. विचार करायची पद्धत ती ओळखू शकते. तांत्रिक खोली मोजायला जाणकारच लागतो. समूहाच्या दुसऱ्या प्लांटमधला मेंटेनन्स प्रमुख किंवा निवृत्त झालेला विश्वासू माणूस अर्धा तास वेगळा बसला तरी ते काम होतं. कुणी काय तपासायचं याची वाटणी मात्र आधीच करावी, नाहीतर तिघेही तेच प्रश्न विचारतात आणि पहिल्याने दिलेलं मत बाकीचे उचलतात. म्हणून प्रत्येकाने आपले आकडे एकमेकांशी बोलण्याआधी कागदावर लिहावेत. मुलाखतमंडळात सर्वांत ज्येष्ठ असलेल्याने आपलं मत शेवटी सांगावं.

शॉप फ्लोअरवर वीस मिनिटांची फेरी हाही चांगला उपाय आहे. अनुभवी मेंटेनन्सचा माणूस चालता चालता थांबतो, वाकून पाहतो, ऑपरेटरला काहीतरी विचारतो. तो कशापाशी थांबला आणि काय विचारलं, हे टिपून घ्यावं. पण चालू बिघाड दाखवून त्याच्याकडून फुकटात उपाय काढून घेऊ नये. ते अन्यायाचं आहे, आणि अनुभवी माणसाच्या ते लगेच लक्षात येतं. जुन्या कंपनीत चौकशी करायची असेल तर उमेदवाराला विचारूनच करावी आणि तिथेही ‘माणूस कसा आहे?’ न विचारता तो कूलरचा प्रसंग कसा घडला, ते विचारावं.

या सगळ्या तयारीला एका जागेसाठी चार-पाच तास लागतात. बहुतेक कारखान्यांत तरुण व्यवस्थापकाला मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी बायोडेटा हातात मिळतो आणि ‘जरा बघून घ्या’ एवढीच सूचना असते. मग तो बिचकला तर दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. एचआर विभागांनी यातल्या दोन गोष्टी लगेच सुरू कराव्यात. बायोडेटा किमान दोन दिवस आधी द्यावा, आणि त्या जागेचे प्रश्न व गुणांचं वर्णन लिहून झाल्याशिवाय उमेदवाराला बोलावण्याची तारीख ठरवू नये. पलीकडच्या खुर्चीत बसणाऱ्या ज्येष्ठ उमेदवाराचाही यातच फायदा आहे, कारण अठ्ठावीस वर्षांत केलेलं काम नीट विचारणारं कुणीतरी त्याला भेटतं.